खोलीत किती माणसं राहतात? मालकाचं पत्र आणि आमचं उत्तर

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझं अडखळणं आणि मागे वाजणाऱ्या शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या काढून टाकल्यात.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले होते. मी ऑफिसमधून घरी आलो तर आजी कॉमन गॅलरीतच उभी. हातात पाकीट. म्हणाली, "हे बघ मेहताजींनी काय दिलंय. इतक्या वर्षांत पावतीशिवाय दुसरा कागद दिला नव्हता त्यांनी."

आत तीन ओळींचं टाइप केलेलं पत्र होतं. मालकाच्या सहीचं. सदर खोलीत हल्ली प्रत्यक्ष किती इसम वास्तव्यास आहेत, त्यांची निश्चित संख्या पंधरा दिवसांत लेखी कळवावी. बस. धमकी नाही, कारण नाही, काहीच नाही.

थोडं मागचं सांगतो. आमची खोली गिरगावात, फणसवाडीत. दुसरा मजला, १८० चौरस फूट, वर पोटमाळा. खोली पागडीची आहे. मुंबईबाहेरच्या मंडळींसाठी: पागडी म्हणजे सुरुवातीला एकरकमी मोठी रक्कम द्यायची आणि मग पिढ्यान् पिढ्या अगदी किरकोळ भाड्यावर राहायचं. मालकी मालकाची, पण आपण काही साधे भाडेकरू नाही, भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण असलेले भाडेकरू. आजोबा २००९ मध्ये गेले, तेव्हापासून भाडेपावती आजीच्या नावावर येते. मी चार वर्षांपासून तिच्याकडे राहतो, कारण डोंबिवलीहून रोज लोअर परळला जाणं मला सहा महिन्यांतच असह्य झालं होतं. आईबाबा डोंबिवलीलाच आहेत.

म्हणजे मे महिन्यापर्यंत खोलीत माणसं दोन. जूनमध्ये झाली सहा. काकाची लालबागची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीये. बिल्डर पर्यायी घराचं भाडं देत होता, ते आधी उशिरा यायला लागलं, मग थांबलं. काकाने घेतलेलं भाड्याचं घर परवडेना. मग काका, काकू आणि दोन्ही मुलं आजीकडे आली. काकाने मधे प्लायवूडचं पार्टिशन टाकलं, आतल्या बाजूला इंडक्शन शेगडी ठेवली. सकाळी आंघोळीचा नंबर लावायला मी शेअर्ड कॅलेंडर बनवलं होतं, ते दोन दिवस चाललं.

तर पत्र आलं त्या रात्री घरात तीन मतं पडली.

आजी म्हणाली, "दोन लिही. बाकीचे पाहुणे आहेत म्हणून सांग."

काका म्हणाला, "उलट, सहा लिहायचे आणि आमचं कुटुंब वेगळं दाखवायचं. आतली बाजू आमची, चूल आमची वेगळी. उद्या बिल्डिंग डेव्हलपमेंटला गेली की दोन घरं मागता येतील."

बाबांना फोन लावला तर ते म्हणाले, "उत्तरच देऊ नका. मालकाला विचारायचा काय अधिकार?"

मला तिन्ही थोडी थोडी पटली. शनिवारी आम्ही चिराबाजारातल्या एका वकिलांकडे गेलो, आजीच्या माहेरच्या ओळखीचे. वय सत्तरच्या पुढे, सगळी वकिली धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात गेलेली. मुंबईतली मालक-भाडेकरूंची भांडणं तिथेच चालतात. त्यांनी पत्र वाचलं आणि पहिलं वाक्य हे बोलले: "या कायद्यात संख्येला काही अर्थ नाही. नावाला आहे, नात्याला आहे, आणि कधीपासून राहतात त्याला आहे."

मला ते लगेच कळलं, कारण आमच्याकडेही हेच असतं. नुसता काउंट बघून डेटाबेसमध्ये काय चुकलंय ते कधी कळत नाही, रो उघडून बघाव्या लागतात.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. भाडेकरूच्या कुटुंबात किती माणसं असावीत याचा आकडा त्यात कुठेही नाही. मुलगा, सून, नातवंडं आईजवळ राहायला आली म्हणून खोली खाली करा, असं मालक म्हणू शकत नाही. मग तो विचारतो कशाला? वकील म्हणाले, त्याला माणसं मोजायची नाहीयेत, त्याला तुमच्या हातचा कागद हवाय. कायद्याच्या कलम १६ मध्ये मालकाला खोली परत मागायची कारणं दिलेली आहेत. त्यातलं एक म्हणजे भाडेकरूने बेकायदा पोटभाडेकरू ठेवला. आणखी एक म्हणजे दावा लावायच्या आधी सलग सहा महिने, सबळ कारण नसताना, जागा ज्या कामासाठी दिली त्यासाठी वापरलीच नाही. खोलीत कोण आहे आणि कोण नाही, हे लेखी मिळालं तर दोन्हींसाठी उपयोगी पडतं.

मग त्यांनी आमची तीन उत्तरं घेतली.

आजीचं "दोन". मुलांचा शाळेतला पत्ता बदललाय, काकूच्या आधारवर फणसवाडी आलंय, समोरच्या खोलीतल्यांना सगळं माहीत आहे. मेहताजी तर महिन्यातून एकदा दारात उभे असतात. त्यातून कायद्याच्या कलम २८ प्रमाणे मालक आधी कळवून, योग्य वेळी खोली बघायला येऊ शकतो. आला की सहा अंथरुणं दिसणार. मग प्रश्न सहा माणसांचा उरत नाही, आजी खोटं का बोलली हा होतो. पोटचा मुलगा राहतो हे लपवायचं कारणच काय, म्हणजे नक्कीच काहीतरी वेगळा व्यवहार असणार, असं समोरचा वकील म्हणायला मोकळा. जिथे गुन्हा नव्हताच तिथे आपणच संशय तयार करायचा.

बाबांचं "उत्तरच नको". यात बेकायदा काही नाही. अशी यादी दिलीच पाहिजे असं बंधन भाडेकरूवर कायदा घालत नाही, बाबांचं तेवढं बरोबर होतं. पण वकील म्हणाले, पत्र मिळाल्याची सही आजीने मेहताजींच्या वहीत केलीच आहे. उद्या दावा झाला तर मालक म्हणणार, विचारलं तेव्हा गप्प बसल्या. आणि दुसरं म्हणजे, तुमच्या बाजूने जे खरं आहे ते कागदावर आणायची संधी मालकाने स्वतःहून दिलीये, ती का सोडता?

आणि मग काकाचं उत्तर. इथे ते जरा ताठ बसले.

पोटभाडेकरू ठरवायला कोर्ट मुख्यतः दोन गोष्टी बघतं. एक, भाडेकरूने जागेचा किंवा जागेच्या भागाचा स्वतंत्र ताबा दुसऱ्याला दिला का, म्हणजे त्या भागावर आता भाडेकरूचा काही ताबाच राहिला नाही असं झालं का. दोन, त्याबद्दल पैसे घेतले का. पैसे गुपचूप घेतले जातात, त्यांची पावती कोणी ठेवत नाही, म्हणून स्वतंत्र ताबा मालकाने एकदा दाखवला की तो कसा आणि का दिला हे सांगायची जबाबदारी भाडेकरूवर येते, आणि पटणारं कारण नसेल तर पैसे घेतले असं कोर्ट धरू शकतं. गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली ही सगळी तत्त्वं एकत्र मांडली आहेत. मुलगा आईबरोबर राहतो यात स्वतंत्र ताबा नसतोच, कारण खोली आईच्याच ताब्यात असते आणि तो तिच्या घरात राहतो. पण काका काय लिहायला निघाला होता? आतली बाजू आमची, चूल वेगळी, कुटुंब वेगळं. वकील म्हणाले, "अहो, मालकाला जे सिद्ध करायला पाच वर्षं लागली असती, ते तुम्ही सही करून देताय."

काका म्हणाला, "पण पार्टिशन तर आहेच ना."

"असू दे. लाकडी पार्टिशनला कायदा पक्कं बांधकाम धरत नाही. ते आडोशासाठी आहे. दार लावून कुलूप घातलंय का?"

कुलूप नव्हतं. दारच नव्हतं, पडदा होता. आजी रोज त्याच पडद्यामागे देवपूजा करते, कारण देव्हारा आतल्या बाजूला आहे. ते ऐकून वकील खूश झाले.

आता राहिलं दोन घरांचं. हा गैरसमज गिरगाव, परळ, लालबाग, सगळीकडे आहे, म्हणून जरा थांबतो. जुन्या उपकरप्राप्त म्हणजे सेस भरणाऱ्या इमारतींचा पुनर्विकास मुंबईच्या २०३४ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या नियम ३३(७) खाली होतो. कोण पात्र, त्याची यादी म्हाडाचं इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ प्रमाणित करतं. त्या यादीत डोकी मोजत नाहीत, भाडेकरू मोजतात. एक भाडेपावती, एक घर. आधीची जागा लहान असेल तरी किमान ३०० चौरस फूट चटई क्षेत्र मिळतं. आमच्या १८० फुटांत दोघं राहत असोत की सहा, घर ३०० फुटांचंच आणि एकच. शिवाय १३ जून १९९६ ही कट-ऑफ तारीख आहे. त्यानंतर एका खोलीच्या दोन पावत्या करून नवे भाडेकरू तयार केले, तर ते एफएसआयच्या हिशेबात धरत नाहीत. म्हणजे काकाच्या उत्तरातून दुसरं घर मिळणार नव्हतंच, होतं ते एक मात्र अडचणीत आलं असतं.

इथपर्यंत सगळं मालक विरुद्ध आपण असं होतं. परत येताना ठाकूरद्वारपर्यंत कोणी काही बोललं नाही. कारण निघताना वकिलांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती आणि ती आमच्या घरातलीच होती.

कलम ७ मध्ये भाडेकरू कोण याची व्याख्या आहे. त्यात म्हटलंय की राहत्या जागेचा भाडेकरू मरण पावला, तर त्या वेळी त्याच्यासोबत राहत असलेला कुटुंबातला सदस्य भाडेकरू होतो. असा कोणी नसेल तरच इतर वारस. अनेकजण असतील आणि आपसात ठरलं नाही, तर कोर्ट ठरवतं. आणि हे एकदाच नाही, पुढच्या पिढीलाही लागू होतं. घराची मालकी जशी मुलांत सारखी वाटली जाते, तसं हे नाही. मृत्युपत्रात लिहूनही राहत्या खोलीचं भाडेकरूपण देता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली मुंबईच्या जुन्या भाडे कायद्याखालच्या प्रकरणात तसं सांगितलंय.

आता हिशेब करा. आजी ८१ वर्षांची. बाबा थोरले, पण डोंबिवलीला. आत्या पुण्याला. खोलीत राहणारे मी आणि काकाचं कुटुंब. म्हणजे मालकाला पाठवायची यादी नुसती मालकासाठी नव्हती. उद्या आजीनंतर कोण "सोबत राहत होतं" याचा तो पहिला कागद होणार होता. यादीमुळे हक्क तयार होत नाही, प्रत्यक्ष राहण्याने होतो, पण पुरावा म्हणून ती बघितली जाणारच.

रविवारी बाबा आले. मी पत्राचा मसुदा टाइप केला होता. त्यात काकाच्या नावापुढे मी लिहिलं होतं, "तात्पुरते वास्तव्य." मला ते अगदी साधं वाटलं होतं, कारण लालबागची बिल्डिंग झाली की ते जाणारच आहेत.

काका वाचून म्हणाला, "हा शब्द कोणी सुचवला?"

मी म्हटलं, "कोणी नाही काका, मीच लिहिलाय."

"तुझ्या बाबांनी नाही?"

बाबा म्हणाले, "अरे, मी आत्ता बघतोय ते पत्र."

"दादा, तिकडे बिल्डिंग कधी होईल देवाला माहीत. दहा वर्षं लागली तर? तोवर मी इथे तात्पुरता? आणि हा चार वर्षं आहे तो मात्र कायमचा?"

खरं सांगतो, मला राग आला, आणि त्याच वेळी तो चुकीचं बोलत नाहीये हेही कळत होतं. तात्पुरतं हे वर्णन होतं, माहिती नव्हती. बाबांच्या बाजूने बघितलं तर तो शब्द राहणं सोयीचं होतं. माझ्याही. काकाच्या बाजूने बघितलं तर त्या एका शब्दाने त्याचं इथलं राहणंच पोकळ होत होतं. आजी स्वयंपाकघराच्या कट्ट्याशी उभी राहून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "मी अजून आहे इथे. माझ्या नावाचं पत्र आहे ना ते? मग जे घडलंय तेवढं लिहा. पुढचं कशाला लिहिताय?"

मी वकिलांना फोन केला. ते म्हणाले, विशेषणं सगळी काढून टाका. तारीख लिहा, कारण लिहा. तात्पुरतंही नको, कायमचंही नको. शेवटी गेलेलं पत्र असं होतं. खोली नंबर आणि नावं गाळलीत:

"आपले पत्र मिळाले. सदर खोलीची मी भाडेकरू असून खोली माझ्याच ताब्यात आहे व मी स्वतः तेथे राहते. माझ्यासोबत माझ्या कुटुंबातील पुढील व्यक्ती राहतात: माझा नातू, २०२१ पासून. माझा धाकटा मुलगा, सून व त्यांची दोन मुले, जून २०२५ पासून, त्यांच्या लालबाग येथील इमारतीचा पुनर्विकास सुरू असल्यामुळे. आम्ही सर्व एकत्र राहतो. खोलीचा कोणताही भाग मी कोणासही भाड्याने अथवा लायसन्सवर दिलेला नाही व कोणाकडूनही मोबदला घेत नाही. या पत्रामुळे माझ्या भाडेकरू म्हणून असलेल्या हक्कांस बाधा येत नाही."

बघा, यात "सहा" हा आकडाच नाही. मालकाने मागितली होती संख्या, आम्ही दिली नावं. उद्या माझं लग्न झालं किंवा काकूची आई चार महिने राहायला आली, तर दिलेला आकडा खोटा ठरला असता. तारखेसह दिलेली नावं खोटी ठरत नाहीत, त्या दिवशी तेच होतं. आणि "आम्ही सर्व एकत्र राहतो" हे नुसतं लिहायला नाही, त्या आठवड्यापासून काकूने इंडक्शन पोटमाळ्यावर ठेवली आणि सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र सुरू झाला. काकूची आमटी आजीपेक्षा तिखट असते, त्यावर वेगळा एपिसोड होईल.

पत्राच्या दोन प्रती काढल्या. एक मेहताजींना दिली, दुसरीवर "मिळाले", सही, तारीख घेतली. सही द्यायला ते जरा कुरकुरले, म्हणून तेच पत्र पोस्टानेही पाठवून पावती जपून ठेवली. सोबत आधार, रेशनकार्ड वगैरे काहीही जोडलं नाही. मालकाने मागितलं नव्हतं, आणि सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स कुणाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहाव्यात असं मला वाटत नाही.

आता तुमच्यातले बरेच जण पागडीत नाही, लिव्ह अँड लायसन्सवर राहतात. तुमचं गणित वेगळं आहे, हे मिसळू नका. तिथे तुम्ही भाडेकरू नसता, लायसन्सी असता. मुदत संपली की जागा सोडायची, नाही सोडली तर कलम २४ प्रमाणे दुप्पट दराने पैसे लागू शकतात. सोबत राहतो म्हणून कुटुंबातल्या कुणाला पुढे हक्क मिळत नाही. तुम्ही एकटे म्हणून ॲग्रीमेंट केलंत आणि आईबाबा कायमचे आले, तर आधी ॲग्रीमेंट काढून वाचा. "लायसन्सी व त्याचे कुटुंबीय" असं लिहिलंय की फक्त तुमचं नाव, आणि माणसांची मर्यादा घातलीये का, ते बघा. मर्यादा असेल तर ती तुम्ही सही करून मान्य केलेली आहे. तिथे मालकाने नेमकी संख्या विचारणं हे बहुतेक वेळा पोलिसांना भाडेकरूंची माहिती द्यायची असते म्हणूनही असतं, कारण ती दिली नाही तर अडचणीत मालक येतो. कोण आले, कधीपासून, एवढं मेसेजवर कळवा, पुढच्या ॲग्रीमेंटमध्ये नावं घालून घ्या. माझ्या एका मित्राने सायनला आईला सात महिने "आज आली, उद्या जाईल" म्हणून ठेवलं होतं. तिच्या औषधांची पार्सलं वॉचमनकडे यायची, त्यावर तिचंच नाव.

आमच्याकडे पुढे काय झालं? डिसेंबरात मेहताजी आणि एक तरुण माणूस खोली बघायला आले, आधी कळवून. तरुणाने पार्टिशनचा फोटो काढला. पडदा त्या वेळी बाजूला होता आणि आजी आत देवासमोर बसली होती, म्हणजे फोटोत तीही आली. त्यानंतर मालकाचं पत्र नाही. भाडं घेतात, पावती देतात, फक्त आता पावतीच्या मागे "हक्कास बाधा न येता" असा एक जांभळा शिक्का असतो. वकील म्हणतात, ही मालकाची सावधगिरी आहे, घाबरायचं नाही, पण एकही महिना भाडं चुकवायचं नाही.

बाबा आणि काका बोलतात, पण खोलीबद्दल नाही. लालबागच्या बिल्डिंगचं काम सातव्या मजल्यावर थांबलंय. आजीने आमच्या पत्राची सही असलेली प्रत बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवलीये, आजोबांच्या नावाच्या पावत्यांच्या वर. डब्याची जागा मला माहीत आहे आणि काकालाही. पुढच्या रविवारी आत्या येतेय, तिने फोनवर विचारलंय की त्या पत्रात तिचं नाव का नाही.